एकच रक्कम, दोन दावेदार: फौंड्री आणि मशीन शॉपच्या बजेटवादात निर्णयाची मांडणी कशी करावी

बेळगावच्या उद्यमबागेतला किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा मध्यम कारखाना डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला फौंड्री, दुसऱ्या बाजूला मशीन शॉप. फौंड्री कास्टिंग ओतते, मशीन शॉप ते तासून, भोकं पाडून गिऱ्हाइकाकडे जाण्याजोगं करतं. नवीन यंत्रांसाठी मात्र वर्षाला एकच रक्कम ठेवलेली असते. मार्च जवळ आला की दोन्ही विभागप्रमुख त्याच रकमेवर बोट ठेवतात आणि मालक जनरल मॅनेजरला किंवा एखाद्या संचालकाला सांगतात, "तुम्हीच बघा आता." हे काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्या माणसासाठी पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत.

उदाहरणासाठी सगळीकडे एकच कल्पित कारखाना घेतला आहे. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे भाग, ग्रे आयर्न, महिन्याला १८० टन ओतकाम, यंत्रांसाठी वर्षाला ८० लाख रुपये. फौंड्रीची मागणी ५२ लाखांची आहे: साच्यांतून परत येणारी वाळू थंड करणारा कूलर आणि ओलावा नियंत्रण मिळून २८ लाख, वाळूचा नवा मिक्सर २४ लाख. मशीन शॉपला एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंगचं आणि भोकं पाडण्याचं उभं मशीन, हवं आहे. मशीन ३८ लाखांचं, फिक्स्चर, टूलिंग, स्टॅबिलायझर आणि केबल ८ लाखांची, एकूण ४६ लाख. दोघांची बेरीज ९८ लाख. तुमच्या कारखान्यातले आकडे वेगळे असतील, पण ते याच क्रमाने तपासावे लागतील.

पायरी १: वाटायला नेमकं किती आहे ते आधी पक्कं करा

कागदावरचे ८० लाख हे वाटायचे ८० लाख नसतात. आपल्या कारखान्यात क्रेनचा जुना होइस्ट बदलायचा आहे आणि फेटलिंगची, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतानाची, धूळ ओढणारी यंत्रणा दुरुस्त करायची आहे. ही कामं सुरक्षिततेची आणि प्रदूषण मंडळाच्या अटींची, त्यामुळे ती वादात येतच नाहीत. त्यांचे ६ लाख बाजूला काढा. आणखी ८ लाख मोडतोडीसाठी राखून ठेवा. उरले ६६ लाख.

हे ८ लाख राखायला नवे अधिकारी कचरतात, कारण दोन्ही बाजूंना ते आपल्याच ताटातून काढल्यासारखे वाटतात. पण राखीव रक्कम नसेल तर काय होतं ते पाहा. इंडक्शन भट्टीची कॉइल गळायला लागली की अख्खा कारखाना थांबतो, आणि दुरुस्तीचा पैसा ज्याने अजून खर्च केलेला नाही त्याच्या वाट्यातून जातो. एकदा असं घडलं की पुढच्या वर्षी दोन्ही विभाग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच घाईघाईने ऑर्डरी टाकून मोकळे होतात. कोटेशनची घासाघीस होत नाही, फाउंडेशनची जागा ठरलेली नसते, पण आगाऊ रक्कम देऊन झालेली असते. एप्रिलमध्ये अशी शर्यत दिसली तर त्यात विभागप्रमुखांचा दोष कमी आणि राखीव रक्कम न ठेवणाऱ्याचा जास्त.

६६ लाखांचा आकडा दोघांना एकाच दिवशी आणि लेखी कळवा. एकाला चहा पिताना आणि दुसऱ्याला मीटिंगमध्ये कळला, तर तुमचा तटस्थपणा तिथेच संपला.

पायरी २: एका पानाचं टिपण काढा

प्रस्ताव मागवण्याआधी एक पान लिहा. त्यात चार गोष्टी असाव्यात: कशाचा निर्णय होणार आहे, तो कोण देणार आहे, कोणत्या तारखेला देणार आहे आणि कोणत्या कसोट्यांवर देणार आहे. निर्णय देणारा एकच माणूस असू द्या. "दोघांनी बसून ठरवा आणि मला सांगा" हे ऐकायला समजूतदार वाटतं. प्रत्यक्षात जो जास्त वेळ ताणून धरू शकतो तो जिंकतो, आणि ज्याच्यावर डिस्पॅचचं प्रेशर आहे तो आधी वाकतो.

कसोट्यांना शंभरपैकी गुण देण्याचा तक्ता बनवू नका. वजनं कशी ठरवायची यावरच दुसरं भांडण सुरू होतं आणि शेवटी मनातलं उत्तर यावं म्हणून गुण जुळवले जातात. त्याऐवजी तीन प्रश्न क्रमाने ठेवा. तपासलेल्या आकड्यांनुसार पैसे किती महिन्यांत परत येतात? वर्षभर थांबलं तर नेमकं काय बिघडतं? आणि ही मागणी टप्प्यांत तोडता येते का? पहिल्या प्रश्नात दोन्ही प्रस्ताव जवळजवळ असतील तरच दुसऱ्याकडे जायचं. कसोट्या प्रस्तावांच्या आधी जाहीर व्हायला हव्यात. नंतर जाहीर केल्या की त्या कोणाकडे तरी बघून लिहिल्या असा संशय येतो, आणि तो बऱ्याचदा खरा असतो.

याच पानावर स्वतःबद्दलही एक ओळ लिहा. तुम्ही मशीन शॉपमधून वर आला असाल किंवा एक विभागप्रमुख मालकांचा पुतण्या असेल, तर ते सगळ्या कारखान्याला ठाऊक असतंच. तसं नसल्याचा आव आणण्यापेक्षा आकड्यांची अंतिम तपासणी कंपनीच्या बाहेरच्या सीएकडे देत असल्याचं लिहून टाका. तुमचा वार्षिक बोनस फक्त डिस्पॅचच्या टनेजवर ठरत असेल तर तेही सांगा, कारण त्यामुळे तुमचा कल कुठे झुकणार हे समोरच्याला कळतं.

पायरी ३: दोघांना एकच फॉर्म द्या

फौंड्री टनात आणि टक्क्यांत बोलते, मशीन शॉप तासांत आणि जॉबवर्कच्या बिलांत. दोघांना आपापल्या पद्धतीने लिहू दिलं तर तुलनाच होत नाही. फॉर्म एकाच पानाचा ठेवा: आजची अडचण महिन्याला किती रुपयांची, मागणीचा पूर्ण खर्च, बचत कधीपासून सुरू होणार, आणि याच कामाची सर्वांत छोटी आवृत्ती कोणती. शेवटचा रकाना कोणालाच भरायला आवडत नाही. तो रिकामा आला तर फॉर्म परत पाठवा, कारण पुढे तडजोड निघते ती याच रकान्यातून.

पूर्ण खर्चात दोन चुका नेहमी सापडतात. एका कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, दुसऱ्यात नसतो. इनपुट क्रेडिट मिळत असेल तर दोन्ही आकडे जीएसटीशिवाय घ्या, नाहीतर तुलना सुरुवातीलाच तिरकी होते. दुसरी चूक विजेची. व्हीएमसी असो की कूलरच्या मोटारी, लोड वाढतोच. हेस्कॉम या वीज कंपनीकडून मंजूर मागणीच्या वर गेलात की बिलात दंडाचा आकार लागतो, आणि लोड वाढवून घ्यायला अनामत आणि वेळ दोन्ही लागतात. हा खर्च प्रस्तावात नसेल तर तो सहा महिन्यांनी "किरकोळ" या नावाने तुमच्यापुढे येतो.

पायरी ४: आकडे तपासा, आणि तेच पैसे दोनदा मोजले आहेत का ते पाहा

सगळा वेळ याच पायरीला द्या. बाकीच्या पायऱ्या मिळून दोन दिवसांच्या, ही एकटी तीन आठवड्यांची.

फौंड्रीचा फॉर्म असा आला: वाळूमुळे रिजेक्शन ४ टक्के आहे, नव्या प्लँटने ते १ टक्क्यावर येईल. म्हणजे महिन्याला ५.४ टन वाचतील. विक्रीची किंमत किलोला १०० रुपये धरून ५ लाख ४० हजारांची बचत. ५२ लाख दहा महिन्यांत परत.

यातलं पहिलं भोक किमतीचं आहे. रिजेक्ट कास्टिंग फेकून देत नाहीत, ते परत भट्टीत जातं. लोखंड वाचतं, वाया जाते ती वीज, मजुरी, वाळू, बाइंडर आणि वितळताना होणारी थोडी घट. आपल्या कारखान्यात अकाउंट्सने हा खर्च किलोला ३० रुपये काढला. १०० रुपये धरायला एकच परिस्थिती जवळपास परवानगी देते: भट्टी पूर्ण भरलेली आहे, ऑर्डरी रांगेत आहेत आणि प्रत्येक खराब कास्टिंगमागे एक विक्री खरोखर बुडते. तेव्हासुद्धा धरायचा तो विक्रीदरातून लोखंडाचा दर वजा करून उरणारा भाग. आपल्या उदाहरणात भट्टीला महिन्यात चार-पाच दिवस मोकळे असतात, म्हणून ३० रुपयेच धरायचे.

दुसरं भोक "४ वरून १" या अंदाजाचं. पुरवठादाराच्या माहितीपत्रकावरून आलेला आकडा मान्य करू नका, आणि "हे शक्यच नाही" असं म्हणून उडवूनही लावू नका. मोजा. फौंड्रीप्रमुख म्हणतात, "साहेब, दुपारी चारला वाळूत हात घालून बघा." त्यांचं बरोबर आहे. सकाळी वाळू गार असते. दिवसभर तीच वाळू गरम साच्यांतून फिरून परत येते आणि थंड व्हायला तिला वेळ मिळत नाही. वाळू ५० अंशांच्या आसपास गेली की मिक्सरमध्ये घातलेलं पाणी उडून जातं, वाळू बांधून ठेवणारी बेंटोनाइट माती नीट पकड घेत नाही, साच्याचा पृष्ठभाग सुटतो आणि कास्टिंगमध्ये वाळू अडकते किंवा भोकं पडतात. म्हणजे सकाळची पाळी हीच तुमची फुकटची चाचणी आहे. दोन आठवडे दर तासाला वाळूचं तापमान लिहा, साच्यांवर ओतण्याच्या तासाची खूण ठेवा आणि रिजेक्शन तासांनुसार लावा.

आपल्या कारखान्यात निघालं असं: गार वाळूच्या तासांत ४० टक्के माल ओतला जातो आणि तिथे वाळूचं रिजेक्शन २.५ टक्के आहे. उरलेल्या ६० टक्के मालात ते ५ टक्के आहे. सरासरी बरोबर ४. म्हणजे कूलरने दिवसभर सकाळसारखी वाळू दिली तरी रिजेक्शन २.५ वर थांबेल. उरलेलं अडीच टक्के तापमानामुळे नाही. ते मिक्सरमुळे असेल, वाळूच्या कणांमुळे असेल, मोल्डरच्या हातामुळे असेल, आज सांगता येत नाही. म्हणून मिक्सरचे २४ लाख कूलरपासून वेगळे काढावे लागतात, आणि पहिल्या टप्प्याची खरी बचत दीड टक्का, म्हणजे २.७ टन, म्हणजे महिन्याला ८१ हजार.

मोजमापाआधी एक काम विसरू नका. रिजेक्शनचं कारण कोण लिहितं ते पाहा. मशीन शॉपच्या वहीत प्रत्येक भोक "ब्लोहोल" असतं आणि ते फौंड्रीच्या खात्यावर जातं. फौंड्रीच्या वहीत त्यातली निम्मी "मशीनिंगची चूक" असतात. पाच दिवस, रोज अर्धा तास, दोन्ही विभागांचे सुपरवायझर आणि क्वालिटीचा एक माणूस असे तिघे रिजेक्शनच्या ढिगापाशी उभे राहू द्या. शंकेचा तुकडा कापून बघायचा, आणि ज्यावर तिघांचं एकमत होतं तेवढंच नोंदवायचं. इथे फ्लोअरवर कोणी मराठीत लिहितं, कोणी कन्नडमध्ये, कोणी नुसती खूण करतं. म्हणून कारणांना १ ते ८ असे आकडे द्या आणि प्रत्येक दोषाचा फोटो भिंतीवर लावा. पहिल्या दोन दिवसांत आवाज चढतात. तिसऱ्या दिवसापासून तिघेही गुपचूप आकडा लिहायला लागतात.

आता मशीन शॉप. त्यांचा दावा असा की बाहेरच्या जॉबवर्कचं बिल महिन्याला ३ लाख २० हजार आहे आणि व्हीएमसी आलं की ते सगळं वाचेल. बिलं काढून बसलं की दिसतं, यातले १ लाख १० हजार टर्निंग आणि ग्राइंडिंगचे आहेत. ते व्हीएमसीवर होणारच नाही. उरले २ लाख १० हजार. त्यातून दोन पाळ्यांचे ऑपरेटर, टूल, कूलंट, वीज असे ८० हजार वजा. निव्वळ १ लाख ३० हजार.

आणि आता दोघांच्या मधली गोष्ट. महिन्याला साधारण २ टन कास्टिंग असे असतात की त्यांच्यातला दोष मशीनिंग झाल्यावर दिसतो. "आम्ही चांगला भाग समजून तीन ऑपरेशन करतो, चौथ्याला भोक निघतं," हे मशीन शॉपचं नेहमीचं गाऱ्हाणं, आणि ते रास्त आहे. त्यात मशीनचे ८० तास जातात. जॉबवर्कच्या तासाला ६०० रुपये या दराने ते ४८ हजार झाले. हे ४८ हजार फौंड्रीने आपल्या फॉर्ममध्ये त्या ५ लाख ४० हजारांखेरीज "वाचणारा मशीनिंग खर्च" म्हणून जोडलेले असतात, आणि मशीन शॉपच्या जॉबवर्कच्या बिलातही ते बसलेले असतात, कारण ते ८० तास वाया गेले म्हणूनच तेवढं काम बाहेर पाठवावं लागलं. रुपये तेच, दावेदार दोन. दोन्ही फॉर्म वेगवेगळे वाचले तर हे कधीच दिसत नाही. शेजारी ठेवून ओळीला ओळ लावावी लागते.

हे पैसे ज्या खर्चाने खरोखर वाचतात त्याच्या खात्यावर टाका, म्हणजे इथे कूलरच्या. कूलरने वाळूचा दोष ४ वरून २.५ वर आला तर हे तासही त्याच प्रमाणात, म्हणजे ३० ने कमी होतील. १८ हजार रुपये. ते फौंड्रीच्या बचतीत मिळवा आणि मशीन शॉपच्या बचतीतून वजा करा. शेवटचं चित्र असं: कूलरचा टप्पा २८ लाखांचा, महिन्याला ९९ हजार वाचवतो, साधारण २८ महिने. व्हीएमसी ४६ लाखांचं, महिन्याला १ लाख १२ हजार वाचवतं, साधारण ४१ महिने. दहा महिन्यांचा दावा करणाऱ्या फौंड्रीलाही हे गार करणारं आहे. पण क्रम मात्र स्पष्ट झाला: वाळू आधी, कारण वाळू सुधारली की मशीन शॉपची गरजच थोडी घटते. उलट क्रमाने गेलात तर महागड्या व्हीएमसीवर खराब कास्टिंग तासत बसाल.

पायरी ५: मीटिंग

मीटिंगला दीड तास पुरतो. तपासलेले आकडे तीन दिवस आधी दोघांकडे गेलेले असावेत आणि नवा आकडा मीटिंगमध्ये आणायचा नाही, हा नियम आधीच सांगून ठेवा. कोणी तरीही खिशातून नवं कोटेशन काढलं, तर ते अकाउंट्सकडे जाईल आणि आजच्या निर्णयात धरलं जाणार नाही, एवढंच शांतपणे म्हणा.

सुरुवातीला प्रत्येकाने समोरच्याचा प्रस्ताव पाच मिनिटांत मांडायचा, आणि "हो, हेच माझं म्हणणं" असं समोरच्याने म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. मशीन शॉपप्रमुखाच्या तोंडून गरम वाळूचं गणित बाहेर पडलं की पुढचा अर्धा वाद गळून पडतो. मात्र दोघांत बोलणंच बंद असेल तर हा प्रकार करू नका. तेव्हा तो नकलेसारखा वाटतो आणि राग वाढतो. अशा वेळी दोन्ही प्रस्ताव अकाउंट्सने वाचून दाखवावेत.

मग प्रश्न फक्त तिसऱ्या कसोटीवर. काय तोडता येतं, काय नाही? निर्णय त्याच खोलीत जाहीर करायची गरज नाही, पण दोन दिवसांच्या पुढे नेऊ नका. मधल्या दिवसांत दोघांपैकी कोणालाही एकट्याने केबिनमध्ये भेटू नका. भेटावंच लागलं तर दुसऱ्याला तेवढाच वेळ द्या आणि तसं कळवा.

पायरी ६: अर्धं-अर्धं का करू नये, आणि त्याऐवजी काय

सगळ्यात मोहाचा मार्ग म्हणजे ६६ लाखांचे ३३-३३. दोघेही थोडे नाराज, म्हणजे न्याय झाला असं वाटतं. पण ३३ लाखांत व्हीएमसी येत नाही. कूलर येतो आणि ५ लाख उरतात, ज्यांचं फौंड्रीला काहीच करता येत नाही. मशीन शॉप मग ३३ लाखांत बसणारं जुनं, वापरलेलं मशीन शोधायला लागतं आणि फिक्स्चरला पैसे उरत नाहीत. फिक्स्चरविना व्हीएमसी म्हणजे ताडपत्रीखाली झाकलेलं भांडवल.

या उदाहरणात वाट निघते ती पैसे उभे करण्याच्या फरकातून. व्हीएमसी हे बाजारात सहज विकलं जाणारं ठरावीक मशीन आहे, म्हणून त्याच्या तारणावर बँक कर्ज देते. वाळूचा कूलर तुमच्या शेडच्या मापाने बनतो, दुसऱ्याला त्याचा उपयोग नाही, त्यामुळे त्यावर कर्ज मिळणं अवघड. तेव्हा रोख कूलरला आणि कर्ज व्हीएमसीला. ३८ लाखांवर २५ टक्के स्वतःचे, म्हणजे साडेनऊ लाख, आणि फिक्स्चर वगैरेचे ८ लाख, मिळून साडेसतरा लाख. उरलेल्या साडेअठ्ठावीस लाखांचा पाच वर्षांसाठी १० टक्क्यांनी हप्ता महिन्याला साठ हजारांच्या थोडा वर जातो. निव्वळ बचत १ लाख १२ हजार, म्हणजे हप्ता भरून काही उरतं. पण कर्ज काढण्याचा अधिकार तुमच्याकडे नसेल, तर संचालकांची संमती आल्याशिवाय हा पर्याय टेबलावर ठेवू नका. दाखवलेली आशा मागे घेणं हे नाही म्हणण्यापेक्षा वाईट.

तरीही व्हीएमसी लगेच नाही. २ लाख १० हजारांच्या जॉबवर्कपैकी १ लाख ३० हजार एकाच गिऱ्हाइकाच्या एका भागाचे आहेत, आणि त्याचं शेड्यूल फक्त पुढच्या मार्चपर्यंतचं आहे. तो भाग गेला तर हप्ता कुठून भरायचा? म्हणून निर्णय असा लिहायचा:

कूलर आणि ओलावा नियंत्रण, २८ लाख, आता. व्हीएमसीसाठी साडेसतरा लाख मशीन शॉपच्या नावावर राखीव. गिऱ्हाइकाचं पुढच्या वर्षाचं शेड्यूल लेखी आलं की त्याच आठवड्यात ऑर्डर, पुन्हा मंजुरी नाही. ३० नोव्हेंबरपर्यंत आलं नाही तर रक्कम मोकळी. उरलेले साडेवीस लाख तोपर्यंत कोणाचेच नाहीत. मिक्सरचा विचार ३० नोव्हेंबरलाच, आणि तोही कूलरचा निकाल बघून.

"राखीव" हा शब्द नुसता धीर देण्यापुरता राहतो तिथे निर्णय मोडतो. ऑगस्टमध्ये कूलरच्या सिव्हिल कामाचा खर्च तीन लाखांनी वाढला, तर पहिला हात मशीन शॉपच्या पैशाला लागतो. वाढीव खर्च राखीव ८ लाखांतून आणि तोही तुमच्या सहीने, ही ओळ निर्णयात आधीच घाला.

निर्णयाच्या कागदावर न मिळालेल्या बाजूचं सर्वांत भक्कम म्हणणं एका परिच्छेदात लिहा, आणि ते का पुरेसं ठरलं नाही तेही. मिनिट्स इंग्रजीत असली तरी हे एक पान मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही विभागांच्या सुपरवायझरांना द्या. नाहीतर फ्लोअरवर "साहेबांनी त्यांच्याच माणसाला दिलं" एवढाच एका ओळीचा अनुवाद फिरतो, आणि "त्यांच्याच" म्हणजे कोणाच्या हे प्रत्येकजण आपापल्या परीने ठरवतो.

पायरी ७: निकाल कसा मोजायचा

इथे ऋतूचा फसवा खेळ आहे. मूळ मोजमाप मार्चमधलं, दुपारी शेड तापलेली असताना. कूलर गणेशोत्सवाच्या सुट्टीत बसवणं सोयीचं, कारण वाळूचा प्लँट चार-पाच दिवस बंद ठेवावा लागतो (बसवणाऱ्या ठेकेदाराची माणसं त्याच दिवसांत गावी जाणार नाहीत ना, ते आधी विचारून घ्या). मग निकाल बघायचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जेव्हा बेळगावची हवाच गार असते. रिजेक्शन घटलेलं दिसेल आणि श्रेय कूलरला जाईल. मार्चच्या आकड्याशी तुलना केली तर मशीन शॉप हीच हरकत घेईल, आणि ती बरोबर असेल.

म्हणून महिन्याची महिन्याशी तुलना करू नका. त्याच दिवसाच्या सकाळची त्याच दिवसाच्या दुपारशी करा. मार्चमध्ये हा फरक अडीच टक्क्यांचा होता. कूलर काम करत असेल तर तो एक टक्क्याच्या आत यायला हवा, हे निर्णयाच्या दिवशीच लिहून ठेवा. गार दिवसांत फरक मुळातच कमी असतो, म्हणून सप्टेंबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरमध्ये प्रत्येकी एक दिवस कूलर बंद ठेवून ओतकाम करा आणि तो फरक शेजारी मांडा. फौंड्री कुरकुर करेल, एका दिवसाचा खराब माल दिसेल. पण चालू आणि बंद दिवसांत फरकच दिसला नाही, तर मिक्सरचे २४ लाख मागायला येणाऱ्या कागदावर कोणता प्रश्न आधी विचारायचा ते तुम्हाला ठाऊक असेल. फरक दिसला पण मशीन शॉपचे वाया जाणारे तास ८० वरून ५० वर आले नाहीत, तर वाळू सोडून दुसरा दोष मशीनवर उघडा पडतो आहे. तेव्हा रिजेक्शनच्या ढिगापाशी ते तिघे पुन्हा पाच दिवस उभे करा, आणि त्या नोंदी हातात येईपर्यंत साडेवीस लाखांना कोणालाही हात लावू देऊ नका.